योसे मोजताना: सेंते, गोते आणि सर्वांत मोठी चाल ठरवण्याची रीत

गोच्या डावात शेवटच्या साठ-सत्तर चाली उरल्या की पटावर मोठी लढाई नसते, बांधावरची खेचाखेच असते; हाच योसे. इथे हरणारे बहुतेक जण चाल न दिसल्यामुळे हरत नाहीत. त्यांना पाच-सहा चाली दिसतात आणि त्यांतली चुकीची आधी खेळली जाते. कारण बहुतेक वेळा एकच असतं: एका जागेवर 'पाच गुण' दिसतात, दुसरीवर 'तीन', आणि पाच मोठे म्हणून पाच घेतले जातात. पण हे दोन आकडे एका मापाने मोजलेलेच नसतात.

या लेखात मी ते माप एकसारखं कसं करायचं हे एकाच कोपऱ्यावरून दाखवणार आहे. पहिल्या ओळीवरची हाने, म्हणजे समोरच्याच्या सोंगटीला वळसा घालणारी चाल, आणि तिची जोड; प्रत्येक डावात हमखास येणारी जागा. सोबत पट आणि सोंगट्या ठेवल्यात तर उत्तम, कारण नुसतं वाचून हे बोटांत उतरत नाही. मोजणी जपानी नियमांप्रमाणे केली आहे: वेढलेली रिकामी जागा एक गुण, पकडलेली सोंगटी एक गुण.

## तयारी: मोजण्याआधी तीन गोष्टी

पहिली गोष्ट, गट जिवंत आहेत की नाही हे आधी ठरवा. अर्धमेला गट पटावर असताना बांधाची मोजणी करणं व्यर्थ आहे. त्या गटाला वाचवणारी किंवा मारणारी चाल कुठल्याही हानेपेक्षा मोठी असते.

दुसरी, सगळ्या उघड्या जागा नजरेने एकदा फिरून शोधा. डावीकडच्या खालच्या कोपऱ्यातून सुरुवात करा, कडेकडेने पूर्ण फेरी मारा, मग मध्यभाग बघा. सवय एका ठरावीक दिशेची असू द्या. जिथे नुकतीच चाल झाली तिथेच डोळे खिळतात, आणि पटाच्या दुसऱ्या टोकाला असलेली मोठी जागा विसरली जाते.

तिसरी, प्रत्येक जागी 'इथे मी आधी खेळलो तर' आणि 'इथे समोरचा आधी खेळला तर' अशी दोन्ही चित्रं डोळ्यांसमोर आणा. फक्त आपलं चित्र बघणं ही या विषयातली सगळ्यात खोल रुजलेली चूक आहे.

तपासा: जागांची यादी करून झाल्यावर स्वतःला विचारा, समोरच्याची सर्वांत आवडती चाल या यादीत आहे का? नसेल तर फेरी अपुरी आहे.

## टप्पा १: दोन शेवट मांडा आणि फरक काढा

पटाचा उजवा खालचा कोपरा असा समजा. वरचा भाग पूर्ण मिटलेला आहे. जागा सांगताना आधी उभ्या रांगेचा आकडा, मग कडेपासूनची ओळ लिहीन. म्हणजे ५-१ म्हणजे पाचवी रांग, पहिली ओळ.

```
५  · · · ● ○ ○ ○ ○ ○
४  · · · ● ○ · · · ·
३  · · · ● ○ · · ○ ·
२  · · ● ● ○ ○ · · ·
१  · · · · · · · · ·
   १ २ ३ ४ ५ ६ ७ ८ ९
```

काळा आधी खेळला तर: काळा ५-१ वर हाने करतो, पांढरा ६-१ वर अडवतो. आता ५-१ ची सोंगटी आतारीत आहे, म्हणजे पुढच्याच चालीत पकडली जाईल, म्हणून काळा ४-१ वर जोडतो. पांढऱ्याला पुढे काही करायची गरज नाही, कारण ६-१ ही सोंगटी ६-२ ला चिकटलेली आहे.

पांढरा आधी खेळला तर हेच उलट्या बाजूने: पांढरा ४-१, काळा ३-१, पांढरा ५-१. इथेही काळ्याला दुरुस्ती लागत नाही, ३-१ आणि ३-२ एकमेकींना धरून आहेत.

आता सगळा कोपरा मोजायचा नाही. दोन्ही चित्रांत जिथे फरक पडतो तेवढंच बघायचं. ४-१ आणि ५-१ वर एका चित्रात काळ्या सोंगट्या आहेत, दुसऱ्यात पांढऱ्या; ती जागा कुणाचाच प्रदेश होत नाही. फरक पडतो फक्त ३-१ आणि ६-१ इथे. काळा आधी खेळला तर ३-१ रिकामी राहून काळ्याचा एक गुण होतो आणि ६-१ वर पांढऱ्याची स्वतःची सोंगटी बसते. पांढरा आधी खेळला तर ६-१ पांढऱ्याचा गुण होतो आणि ३-१ वर काळ्याची सोंगटी बसते. काळ्याचा एक आणि पांढऱ्याचा एक, असा दोन शेवटांतला एकूण फरक २ गुण.

इशारा: 'मला एक गुण मिळतो' एवढ्यावर थांबू नका. समोरच्याचा जो गुण बुडतो तोही तितकाच तुमचा असतो. नवखे खेळाडू आपल्या प्रदेशातली वाढ मोजतात आणि समोरच्याच्या प्रदेशातली घट सोडून देतात, म्हणून दुसऱ्याच्या अंगणात शिरणाऱ्या चाली त्यांना नेहमी लहान वाटतात.

## टप्पा २: फरकाला चालींनी भागा

हा २ आकडा अजून कच्चा आहे. आता विचारायचं, हा फरक घडवायला किती चाली खर्च झाल्या?

काळा आधी खेळला त्या चित्रात काळ्याच्या दोन चाली झाल्या, पांढऱ्याची एक. म्हणजे काळ्याने इथे एक चाल जादा खर्च केली, आणि पुढची चाल पांढऱ्याला मोकळी मिळाली. यालाच गोते म्हणतात: चाल संपली की पुढाकार समोरच्याकडे जातो. पांढरा आधी खेळला त्या चित्रात पांढऱ्याच्या दोन, काळ्याची एक. तिथे पांढऱ्याची एक जादा. एका चित्रात काळा एकने पुढे, दुसऱ्यात पांढरा एकने पुढे. दोन्हींतलं अंतर दोन चालींचं.

२ गुण भागिले २ चाली, उत्तर १. या जागी प्रत्येक चालीची किंमत १ गुण आहे. दोघांनाही गोते असणाऱ्या साध्या जागेत भाजक नेहमी २ येतो, म्हणून 'गोतेच्या जागेचा फरक अर्धा करा' हे लक्षात ठेवलं तरी पुरतं.

बऱ्याच खेळाडूंना हा भागाकार फुकटचा वाटतो. 'सगळ्याच अर्ध्या करायच्या असतील तर न केल्या तरी क्रम तोच राहील,' हा युक्तिवाद मीही बराच काळ मनाशी बाळगला होता. सगळ्या जागा दोन्हीकडून गोते असत्या तर तो बरोबरही ठरला असता. पण पुढच्या टप्प्यात एकच सोंगटी उचलली की तो कोसळतो.

## टप्पा ३: एक सोंगटी काढली की काय बदलतं

त्याच कोपऱ्यातून पांढऱ्याची ६-२ ची सोंगटी काढा.

```
५  · · · ● ○ ○ ○ ○ ○
४  · · · ● ○ · · · ·
३  · · · ● ○ · · ○ ·
२  · · ● ● ○ · · · ·
१  · · · · · · · · ·
   १ २ ३ ४ ५ ६ ७ ८ ९
```

काळा ५-१, पांढरा ६-१, काळा ४-१. इथपर्यंत सगळं आधीसारखं. पण आता ६-१ ची सोंगटी एकटी आहे, आणि ६-२ वर काळा कापू शकतो. पांढऱ्याने दुर्लक्ष केलं तर काय होतं ते पूर्ण खेळून बघा, कारण सगळी किंमत इथेच ठरते.

काळा ६-२ वर कापतो. पांढऱ्याने ७-१ वर पळायचा प्रयत्न केला तर काळा ७-२, पांढरा ८-१, काळा ८-२, पांढरा ९-१ असं ढकलत नेतो आणि कोपऱ्यात ९-२ वर येऊन पहिल्या ओळीवरच्या चारही सोंगट्या उचलतो. म्हणून पांढऱ्याचं शहाणं उत्तर ७-२. काळा ७-१ वर येऊन ६-१ पकडतो, पांढरा ६-३ वर आतारी देतो, काळा ६-१ वर जोडतो, पांढरा ८-१ वर दार लावतो.

हिशेब करू. पांढऱ्याने वेळेवर ६-२ ला जोडलं असतं तर ७-१, ८-१, ७-२ आणि ६-३ या चार जागा त्याचा प्रदेश राहिल्या असत्या. आता एक काळ्याकडे गेली आणि उरलेल्या तिनांवर पांढऱ्याच्याच सोंगट्या बसल्या. चार गुण गेले, वर एक सोंगटी पकडली गेली, एकूण पाच. आणि शेवटची चाल पांढऱ्याची झाल्यामुळे काळ्याचा पुढाकार शाबूत राहिला. म्हणजे उत्तर न देण्याची शिक्षा थेट ५ गुण.

म्हणून पांढरा ४-१ च्या जोडीनंतर ६-२ वर जोडतोच. काळ्याने इथे दोन चाली केल्या, पांढऱ्यानेही दोन, आणि पुढची चाल पुन्हा काळ्याची. ही काळ्याची सेंते.

आता दोन शेवटांचा फरक. काळा आधी: ३-१ काळ्याचा एक गुण, ६-१ आणि ६-२ वर पांढऱ्याच्या सोंगट्या, तिथे शून्य. पांढरा आधी (४-१, मग काळा ३-१, मग पांढरा ५-१): ३-१ वर काळ्याची सोंगटी, तिथे शून्य, ६-१ आणि ६-२ पांढऱ्याचे दोन गुण. एक अधिक दोन, फरक ३ गुण.

चाली मोजा. काळा आधी खेळला त्या चित्रात दोघांच्या चाली समान, अंतर शून्य. पांढरा आधी खेळला त्या चित्रात पांढऱ्याच्या दोन, काळ्याची एक, अंतर एक. एकूण अंतर एक चालीचं. ३ भागिले १, किंमत ३.

आधीच्या कोपऱ्यात किंमत १ होती, आता ३ झाली. फरक पडला जेमतेम एका गुणाचा, पण भाजक २ वरून १ वर आला. 'सेंते दुप्पट धरा' असं जुने खेळाडू सांगतात ते याच भागाकाराचं दुसरं रूप आहे: ३ गुणांची सेंते ६ गुणांच्या गोतेच्या तोडीची.

इशारा: पांढऱ्याने आधी येऊन हीच जागा मिटवली तर त्याला ग्याकु-सेंते म्हणतात. ती खेळणाऱ्याला गोतेच आहे, पण तिचा भाजक २ धरायचा नाही. समोरच्याची फुकटची सेंते ती हिरावून घेते, म्हणून तिची किंमतही पूर्ण ३. ग्याकु-सेंते लहान समजून सोडणं ही मी इतरांच्या डावांत सर्वांत जास्त वेळा पाहिलेली चूक आहे.

## टप्पा ४: सेंते खरोखर सेंते आहे का?

'समोरच्याने उत्तर दिलं, म्हणजे सेंते होती' ही व्याख्या सोडून द्या. घाबरून दिलेलं उत्तर चालीला सेंते बनवत नाही. आणि उलटही खरं: तुमच्या मनात धमकी असली तरी समोरच्याला ती परवडत असेल तर ती सेंते नाही.

कसोटी एकच आहे. उत्तर न दिल्यास होणारं नुकसान पटावरच्या उरलेल्या सर्वांत मोठ्या चालीच्या किमतीपेक्षा जास्त आहे का? आपल्या कोपऱ्यात शिक्षा ५ ची आहे. इतरत्र सर्वांत मोठी चाल अडीच किमतीची असेल तर पांढऱ्याला उत्तर द्यावंच लागेल. पण त्याच वेळी कुठे तरी २० गुणांची गोते जागा उघडी असेल, म्हणजे दहा किमतीची, तर पांढरा ६-२ सोडून तिकडे जाईल आणि तेच बरोबर असेल. जागा तीच, चाल तीच. डावाच्या मध्याला ती सेंते नसते, शेवटी असते.

इथे एक सूक्ष्म फरक सांभाळा. शिक्षेचा आकडाही चालींनी भागलेलाच हवा. आपल्या कोपऱ्यात कापल्यानंतरची साखळी पांढऱ्याच्या चालीवर संपते, म्हणून पूर्ण पाच धरले. कापणं काळ्यालाच गोते ठरत असतं, तर ५ गुणांच्या फरकाची किंमत अडीच झाली असती. मग तीनची चाल अडीचच्या धमकीवर उभी राहिली असती आणि 'सेंते' हे नाव तिला शोभलं नसतं. तशी जागा पांढऱ्याच्या उत्तराशिवाय मोजायला लागते.

तपासा: प्रत्येक 'सेंते' चालीपुढे दोन आकडे लिहा, चालीची किंमत आणि धमकीची किंमत. दुसरा पहिल्यापेक्षा मोठा नसेल तर ती यादीतून गोतेत हलवा.

दुहेरी सेंतेबद्दल इथेच सांगतो. समजा डावीकडे काळ्याच्या भिंतीलाही असंच कापाचं व्यंग आहे, म्हणजे पांढऱ्याच्या हानेनंतर काळ्यालाही जोडावं लागतं. मग दोन्ही चित्रांत चाली समान होतात, फरक ४ गुणांचा आणि भाजक शून्य. शून्याने भागता येत नाही, आणि त्याचा अर्थही तोच: कुठल्याच गोतेशी तुलना करत बसू नका, धमकी इतर जागांपेक्षा मोठी होताच आधी ती खेळा. समोरचा चहाचा घोट घेत असेल तेवढ्यात ती त्याच्या हाती जाऊ शकते.

## टप्पा ५: सगळ्या जागा एका यादीत

आता खरं काम. पटावर चार जागा उरल्यात असं धरा आणि चाल काळ्याची आहे.

क: टप्पा ३ चा कोपरा. काळ्याची सेंते, फरक ३, किंमत ३.

ग: काळ्याने आधी खेळल्यास पांढऱ्याच्या दोन सोंगट्या पकडल्या जातात, पांढऱ्याने आधी खेळल्यास त्या सुटतात आणि त्याला एक गुण जादा मिळतो. दोन कैदी, त्यांच्या खालच्या दोन जागा, वर तो एक गुण: फरक ५. दोघांनाही गोते, किंमत अडीच.

ख: तशीच जागा, पण पांढऱ्याला जादा गुण नाही. फरक ४, किंमत २.

घ: टप्पा १ सारखी हाने-जोड. फरक २, किंमत १.

कच्चे आकडे बघणारा खेळाडू ५, ४, ३, २ असा क्रम लावतो आणि ग आधी घेतो. किमती बघणारा ३, अडीच, २, १ असा क्रम लावतो आणि क आधी खेळतो. दोन्ही डाव शेवटपर्यंत खेळून पाहू. मोजायला सोपं जावं म्हणून, सगळीकडे पांढरा आधी खेळला असता तर ते शून्य धरू आणि काळा जिथे आधी पोचेल तिथला फरक त्याच्या खात्यात टाकू.

कच्चा क्रम: काळा ग घेतो, खात्यात ५. पांढरा लगेच क वर ग्याकु-सेंते खेळतो, काळ्याला तिथे शून्य. काळा ख घेतो, ४. पांढरा घ घेतो. काळ्याची बेरीज ९.

किमतींचा क्रम: काळा क ची हाने करतो, पांढरा अडवतो, काळा जोडतो, पांढरा ६-२ वर जोडतो. खात्यात ३, आणि चाल अजून काळ्याचीच. काळा ग घेतो, ५. पांढरा ख घेतो. काळा घ घेतो, २. बेरीज १०.

एका गुणाचा फरक. साडेसहाच्या कोमीच्या डावात जय-पराजय कितीतरी वेळा याच एका गुणावर लटकलेला असतो, आणि पराभूत खेळाडू मात्र मध्य-डावातली चूक शोधत बसतो.

इशारा: कच्च्या क्रमात पांढऱ्यानेही चुकून ख घेतला असता तर काळ्याला क ची सेंते आणि घ मिळून बेरीज १० झाली असती, आणि चूक झाकली गेली असती. समोरच्याच्या गैरसमजामुळे वाचलेली चाल बरोबर ठरत नाही. डाव तपासताना नेहमी समोरचा उत्तम खेळेल असं धरूनच मोजा.

## टप्पा ६: आपली सेंते कधी खेळायची

वरच्या उदाहरणावरून 'सेंते दिसली की खेळून टाका' असा नियम काढू नका. सेंते खेळली की ती को-लढाईतली, म्हणजे एकाच जागी आलटून-पालटून सोंगटी पकडण्याच्या झटापटीतली, धमकी म्हणून संपते. पटावर मोठा को पेटण्याची शक्यता असेल तर न खेळलेली सेंते हीच तुमची शिधासामग्री असते. शिवाय लवकर जोडायला लावलं की समोरच्याचं व्यंग कायमचं दुरुस्त होतं. ६-२ वर पांढरी सोंगटी आली की त्या कापाचा पुढे कुठल्याच युक्तीत उपयोग उरत नाही.

मग किती थांबायचं? समोरच्याला ग्याकु-सेंते परवडू लागेपर्यंत. क ची किंमत ३ आहे. पटावर चार-पाच किमतीच्या चाली उरल्या असतील तोवर पांढरा इकडे फिरकणार नाही, कारण त्याला तिकडे जास्त मिळतं. सर्वांत मोठी उरलेली चाल तीनच्या जवळ आली की घड्याळ वाजू लागतं, आणि को नसेल तर त्याच क्षणी सेंते खेळून घ्यावी. उदाहरणात सर्वांत मोठी गोते अडीच होती, म्हणजे वेळ येऊन ठेपली होती. एक चाल उशीर झाला आणि गुण गेला.

अगदी शेवटी उरणाऱ्या साध्या को साठीही हाच भागाकार चालतो. एका सोंगटीचा को: काळ्याला पकडायला एक आणि जोडायला एक अशा दोन चाली, पांढऱ्याला जोडायला एक. अंतर तीन चालींचं, फरक एका गुणाचा, किंमत एक तृतीयांश. म्हणून एक किमतीच्या हाने पटावर असताना को जोडायला धावू नका.

## टप्पा ७: शेवटच्या चार-पाच जागांत किमतीवर डोळे झाकून विसंबू नका

ही रीत जिथे कमी पडते ती जागाही माहीत हवी. किंमत ही सरासरी आहे. पटावर भरपूर जागा उरल्यात आणि त्यांच्या किमती हळूहळू उतरत जातात, तेव्हा ती जवळजवळ नेहमी बरोबर दिशा दाखवते. जागा मोजक्या उरल्या आणि आकड्यांत मोठी पायरी असली की ती एखाद्या गुणाने चुकू शकते.

तेच उदाहरण घ्या, पण चाल पांढऱ्याची. किमतीप्रमाणे क ची ग्याकु-सेंते ३ ची, ग अडीचची. पांढऱ्याने क घ्यावं असं दिसतं. खेळून बघू. पांढरा क, मग काळा ग ५, पांढरा ख, काळा घ २. काळ्याची बेरीज ७. आता दुसरा रस्ता: पांढरा ग, काळा क ची सेंते खेळतो ३, पुन्हा काळ्याचीच चाल, ख ४, पांढरा घ. बेरीज तीच, ७. म्हणजे किमतीने अर्ध्या गुणाचा फरक सांगितला, प्रत्यक्षात काहीच फरक नव्हता.

आता ख चा फरक ४ ऐवजी ३ करा. पांढरा क घेतो तर काळा ग ५, पांढरा ख, काळा घ २, बेरीज ७. पांढरा ग घेतो तर काळा क ३, काळा ख ३, पांढरा घ, बेरीज ६. इथे पांढऱ्याने कमी किमतीची गोतेच घ्यायला हवी. ग्याकु-सेंते घेतली तर तो एक गुण हरवतो.

असं का होतं ते बघायला एक छोटी युक्ती आहे. गोतेच्या जागांचे फरक मोठ्यापासून लहानापर्यंत लिहा आणि आलटून-पालटून वजा-अधिक करा. ५, ४, २ साठी ५ वजा ४ अधिक २ म्हणजे ३. हा 'गोतेच्या रांगेत पहिला नंबर' मिळण्याचा मोबदला. ग्याकु-सेंतेचा फरकही ३, म्हणून बरोबरी झाली. ५, ३, २ साठी ५ वजा ३ अधिक २ म्हणजे ४. आता पहिला नंबर ३ पेक्षा महाग, म्हणून गोते आधी. आणि घ २ ऐवजी १ असता तर ५ वजा ४ अधिक १ म्हणजे २, मग ग्याकु-सेंते स्पष्ट वरचढ.

तपासा: जागा पाच किंवा त्याहून कमी उरल्या की ही वजा-अधिक करून बघा. पाच आकड्यांना दहा सेकंदही लागत नाहीत. जागा दहा-बारा असतील तर मात्र तिच्या नादी लागू नका, किमतींचा क्रमच पकडा. तिथे पायऱ्या लहान असतात आणि वेळ मौल्यवान असतो.

सरावासाठी आपलाच संपलेला डाव घ्या आणि शेवटून मागे जा. आधी फक्त शेवटच्या चार जागा, त्या दोन्ही क्रमांनी पूर्ण खेळून बेरीज करा. मग आणखी एक जागा मागे. प्रत्येक जागेजवळ तीन गोष्टी लिहा: फरक, भाजक, किंमत, सेंते म्हटली असेल तर धमकीचा आकडा चौथा. पहिल्या आठवड्यात भाजकच सर्वांत जास्त चुकेल, विशेषतः ग्याकु-सेंतेला सवयीने २ ने भागलं जाईल. तिथे थांबून त्या कोपऱ्यातल्या दोन्ही चित्रांतल्या सोंगट्या बोटाने मोजा: काळ्याच्या किती, पांढऱ्याच्या किती.